हिरडा गरम की थंड? आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध एकाच फळावरून समजून घ्या

पुण्यात मंडईजवळ आमचं काष्ठौषधीचं छोटं दुकान आहे, वडील बसायचे, आता मी बसतो. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वाढलीय, लोक मोबाईलवर काहीतरी वाचून येतात आणि विचारतात की अहो, आयुर्वेदात हे उष्ण म्हणतात आणि युनानीत थंड म्हणतात, मग खरं कोण? हा प्रश्न काही फालतू नाही. मी स्वतः बावीस-तेविशीत ह्याच प्रश्नात अडकून पोट बिघडवून घेतलं होतं, ते पुढे सांगतो.

आयुर्वेद, हकीमांची युनानी आणि तमिळ मुलखातली सिद्ध, ह्या तिन्ही पद्धती एकदम शिकायला जाऊ नका, डोकं भणभणेल. एकच वनस्पती घ्या आणि तिघांकडे नेऊन बघा, ती मंडळी तिच्याशी कशी वागतात ते. मी हिरडा सुचवतो, कारण एक तर तो तिघांच्याही घरचा आहे आणि दुसरं म्हणजे तो आपल्या जिल्ह्यातला आहे, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात, भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, त्यावर कित्येक घरांचा वर्षाचा खर्च निघतो.

आधी दुकानात जाऊन तीन प्रकारचे हिरडे घ्या

झाड एकच, पण फळ कधी उतरवलं त्यावर नाव बदलतं. अगदी कोवळं, बी धरायच्या आधी वाळलेलं, काळं, सुरकुतलेलं ते बाळहिरडा, बाळगुटीतला. अर्धवट तयार, पिवळट, तो चांभारी हिरडा, कातडं कमवायला जायचा म्हणून ते नाव. आणि पूर्ण तयार, मोठा, भरदार तो सुरवारी. प्रत्येकी पन्नास-पन्नास ग्रॅम पुरे.

आता गंमत बघा. हकीमसाहेबांची चिठ्ठी घेऊन कॅम्पातून कोणी आलं तर त्यावर हलेला सियाह, हलेला जर्द, हलेला काबुली असं लिहिलेलं असतं, सियाह म्हणजे काळा, जर्द म्हणजे पिवळा, काबुली म्हणजे काबूलचा, तो मोठा. म्हणजे आपलेच तीन डबे, बरण्या सुद्धा त्याच. फरक हा की युनानीत हे तीन जवळजवळ तीन वेगळी औषधं धरतात, जर्द पिवळ्या पित्तासाठी म्हणजे सफ्रासाठी, सियाह सौद्यासाठी म्हणजे काळ्या पित्तासाठी, असं वाटप आहे. आयुर्वेदात पुस्तकात हिरड्याच्या सात जाती दिल्यात, विजया, रोहिणी, अभया वगैरे, पण बाजारात त्या सात बरण्या कोणी दाखवल्या तर मला पण बोलवा, मला बघायच्यात.

चांगला हिरडा ओळखायची जुनी खूण म्हणजे नवा, गोल, घट्ट, जड, आणि पाण्यात टाकला तर बुडणारा. घरी करून बघा. तरंगला तर आतून पोकळ किंवा किडलेला असायची शक्यता जास्त.

मग चावून बघा

सुरवारी हिरड्याचा गर, बी काढून, हरभऱ्याएवढा तुकडा तोंडात धरा आणि सावकाश चावा. आधी जीभ आक्रसते, गाल आत ओढल्यासारखे होतात, तो तुरटपणा. मग थोडं कडू, थोडं आंबट, आणि दोन-तीन मिनिटांनी वर पाणी प्यालात तर पाणी गोड लागतं. खारट मात्र कुठेच सापडत नाही. आयुर्वेद म्हणतो हिरड्यात लवण सोडून पाच रस आहेत, तुरट प्रधान. इथपर्यंत जीभ आणि पुस्तक जुळतं.

आता खरा पेच. आयुर्वेदाचा सर्वसाधारण नियम असा की तुरट पदार्थ थंड असतो आणि तो अडवतो, बांधतो. डाळिंबाची साल बघा, जुलाब झाले की देतात. मग तुरट हिरडा पण थंड आणि बांधणारा असायला हवा ना? पण तो तर उष्ण आणि पोट साफ करणारा सांगितलाय. चरकसंहितेत ह्याची दखल घेतलेली आहे, की तुरट रस थांबवणारा आणि शीत असतो, हिरड्यात मात्र उलट. मला हे वाक्य फार आवडतं, कारण नियम सांगता सांगता त्याच श्वासात अपवाद कबूल केलाय, लपवला नाही. म्हणून आयुर्वेदात नुसती चव सांगून भागत नाही, त्याचं वीर्य म्हणजे शरीरात गेल्यावरचा जोर उष्ण की शीत, आणि विपाक म्हणजे पचल्यानंतर शेवटी काय उरतं, हे वेगळं सांगावं लागतं. हिरडा चवीला तुरट, वीर्याने उष्ण, विपाकाने मधुर. तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन उत्तरं.

युनानी मंडळी हा अपवाद करत नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूला मिजाज असतो, गरम-सर्द म्हणजे उष्ण-थंड आणि तर-खुश्क म्हणजे ओलं-कोरडं अशा दोन जोड्या, आणि वर प्रत्येकाला एक ते चार दर्जे. पहिला दर्जा म्हणजे जाणवणार पण नाही इतका सौम्य, दुसऱ्यात जाणवतं पण त्रास होत नाही, तिसऱ्यात त्रास, चौथा म्हणजे विषाच्या गावचा. तुरटपणा त्यांच्या हिशेबात सर्द आणि खुश्क. म्हणून बहुतेक युनानी पुस्तकांत हलेला पहिल्या दर्जात सर्द आणि दुसऱ्या दर्जात खुश्क असा लिहिलेला असतो. थंड म्हणजे फ्रीजमधलं थंड नव्हे, आणि तेही पहिल्याच दर्जाचं, म्हणजे नावापुरतं. खरा भर आहे तो कोरडेपणावर.

मग सर्द-खुश्क वस्तू पोट साफ कशी करते? तर ते म्हणतात ती आवळून, पिळून बाहेर काढते, ओला कपडा पिळतो तशी. इब्न सीना ह्या जुन्या नामवंत हकीमाच्या परंपरेत रेचकांचे असे प्रकार पाडलेत आणि हलेला पिळणाऱ्यांमध्ये बसवलाय. आयुर्वेद त्याच कामाला अनुलोमन म्हणतो, मळ पिकवायचा, गाठ फोडायची आणि खाली न्यायचं, आणि उदाहरण म्हणून हिरडाच देतो. संडासात फळ एकच, गोष्टी दोन.

म्हणजे उष्ण की थंड ह्या भांडणात कोणी चुकत नाहीये, दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. एकाची सेंटीमीटर आणि एकाची इंच अशीही नाही, एक वजन मोजतोय आणि एक लांबी.

माझी फजिती इथलीच. ऑक्टोबर हीट होती, मला छातीत जळजळ व्हायची, कुठल्यातरी छापील कागदावर हलेला सर्द वाचलं आणि म्हटलं वा, थंड आहे, पित्तावर बेस्ट. रोज सकाळी उपाशीपोटी एक भरलेला चमचा चूर्ण, ते पण बाळहिरड्याचं. तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा, दिवसातून पाच वेळा पळापळ, तोंड कोरडं, आणि जळजळ होती त्याहून जास्त. रास्ता पेठेतल्या एका वैद्यांकडे गेलो तर ते हसले आणि म्हणाले, "अरे, पित्त वाढलेल्याला, उपाशी माणसाला, थकलेल्याला, गरोदर बाईला हिरडा देऊ नये असं स्पष्ट सांगितलंय, आणि तू पित्त आणि उपास दोन्ही एकदम करून बसलास." एका पद्धतीचा शब्द उचलून दुसऱ्या पद्धतीचा रोग बरा करायला गेलो होतो मी. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच असते.

तिसरी पायरी, त्याच हिरड्याचं प्रत्येकजण काय करतो ते बघा

इथे तिन्ही पद्धतींचा स्वभाव उघडा पडतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

आयुर्वेद हिरड्याचं रूप बदलून काम बदलतो. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, चूर्ण केलं तर पोट साफ करतो, वाफवला तर उलट बांधतो, आणि भाजला तर तिन्ही दोषांवर चालतो, असं भावप्रकाशात सांगितलंय. पुण्यातले वैद्य एरंडेलात भाजलेला बाळहिरडा बरेचदा लिहितात, त्याला एरंडभृष्ट हरीतकी म्हणतात. कढईत थोडं एरंडेल घालून मंद आचेवर टाकला की तो फुगतो, हलका आणि ठिसूळ होतो, बोटाने दाबला की तुटतो, तेव्हा उतरवायचा. करपला की काळा धूर येतो आणि वास बदलतो, तो टाकून द्या. शिवाय ऋतुप्रमाणे सोबत बदलते, पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, उन्हाळ्यात गूळ. माझं ऑक्टोबरचं गाडं बघा, साखर हवी होती तिथे मी कोरडं चूर्ण गिळत होतो.

युनानीत फळाचा दोष आधी लिहितात. त्यांच्या पुस्तकात प्रत्येक औषधाखाली मुजिर असा रकाना असतो, म्हणजे हे कशाला बाधतं, आणि लगेच खाली मुस्लिह, म्हणजे बाधू नये म्हणून बरोबर काय घालायचं, आणि बदल, म्हणजे हे मिळालं नाही तर काय वापरायचं. दुकानदार म्हणून सांगतो, बदलचा रकाना मला सगळ्यात प्रॅक्टिकल वाटतो. हिरड्याचा दोष कोरडेपणा, म्हणून त्याला चरबी लागते, बदामाचं तेल किंवा तूप.

हे समजायला इत्रिफल बघा. हा शब्द त्रिफळावरूनच आलाय असं मानतात, त्रिफळा अरबीत गेली आणि इत्रिफल होऊन हकीमांकडून परत आली. त्यातलं साधं म्हणजे इत्रिफल सगीर, त्यात हिरड्याचे तिन्ही प्रकार, बेहडा आणि आवळा सारख्या भागात. समजा पाचही जिन्नस वीस-वीस ग्रॅम, एकूण शंभर ग्रॅम बारीक चूर्ण झालं. त्यावर बदामाचं तेल थोडं थोडं टाकून दोन्ही हातांनी चोळायचं, ह्याला चर्ब करणं म्हणतात, चिमटीत दाबलं तर कण एकमेकांना धरतात आणि बोटाला कोरडं पीठ लागत नाही तोपर्यंत. मग तिप्पट मध, म्हणजे तीनशे ग्रॅम, त्याचा पाक करून त्यात हे चूर्ण ढवळायचं. तेल कमी पडलं तर काही दिवसांत ते घट्ट दगड होतं आणि खाताना घसा ओढतो. जास्त पडलं तर वर तेल सुटून खवट वास येतो. घरी औषध म्हणून करा असं मी म्हणत नाहीये, पण एकदा चोळून बघितलं की युनानी विचार हाताला कळतो.

आपल्याकडे त्रिफळा तूप-मधातून घेतात (समान मात्रेत नाही, हे आजीला पण माहीत असतं), म्हणजे कोरडेपणा आयुर्वेदालाही दिसलाच. पण आयुर्वेदात तूप हे अनुपान आहे, खाताना सोबत, माणूस बघून बदलणारं. इत्रिफलमध्ये तेल औषधातच मुरलेलं असतं, डबी उघडा आणि खा.

सिद्धवाल्यांची सुरुवात अजून आधी, साफ करण्यापासून. हे मला रास्ता पेठेतल्याच एका तमिळ मावशींनी शिकवलं. त्या कडुक्काय मागायच्या, मी सुरवारी हिरडा द्यायचो, एकदा मी तयार पावडर पुढे केली तर म्हणाल्या, "नको बाबा, आत बी दळलंय की काय कोण जाणे. आमच्यात म्हणतात आल्याचं साल विष आणि हिरड्याची बी विष." ही तमिळमधली जुनी म्हण आहे. विष म्हणजे इथे माणूस मरेल असं नाही, बाधणारा भाग एवढंच. म्हणून सिद्धमध्ये सुद्धि हा टप्पा साध्या झाडपाल्याला पण लागतो. हिरडा तांदळाच्या धुवणात भिजवायचा, मऊ झाला की बी काढून टाकायची आणि गर वाळवायचा. सुंठेला चुन्याच्या निवळीत ठेवून, धुऊन, वाळवून साल खरवडतात. आयुर्वेदात शोधन म्हटलं की बचनाग, बिब्बा, पारा असली जहाल मंडळी डोळ्यासमोर येतात, सुंठेला कोणी शुद्ध करत बसत नाही.

पण जरा निरखून बघितलं तर बी कोणीच वापरत नाही. युनानी चिठ्ठीत पोस्त हलेला लिहितात, पोस्त म्हणजे साल, म्हणजे गराचा भागच. आयुर्वेदाची त्रिफळा पण गराचीच. आणि बाळहिरड्यात बी तयारच झालेली नसते म्हणून तो अख्खा चालतो. इथे तिघं बरोबर एका जागी येतात. म्हणून पावडर घेताना बघा, फिकट, करकरीत, जिभेवर वाळूसारखी लागणारी आणि तुरटपणा कमी असेल तर बीसकट दळलेली असायची शक्यता. अख्खा घ्या, फोडा, घरी दळा.

सिद्धचं दुसरं वैशिष्ट्य वेळेचं. त्यांच्यात एक प्रसिद्ध पद्य आहे, सकाळी आलं, दुपारी सुंठ, संध्याकाळी हिरडा, असं एक मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस घेतलं तर काठी टेकत वाकून चालणारा माणूस काठी फेकून डौलात चालेल. अतिशयोक्ती आहे ती आहेच, पण त्यातला क्रम बघा, दिवसाच्या कुठल्या प्रहरी काय, हे औषधाचाच भाग आहे. वात, पित्त, कफ त्यांच्याकडेही आहेत, पण वयाचा हिशोब उलटा, आपण लहानपण कफाचं आणि म्हातारपण वाताचं मानतो, ते लहानपण वाताचं आणि म्हातारपण कफाचं. सत्तरीच्या आजोबांना हिरडा द्यायचा तर दोन वैद्य एकाच माणसाकडे दोन वेगळ्या नजरेने बघणार. आणि सिद्ध म्हणजे नुसते धातूचे भस्म असं जे पसरलंय तेही अर्धवट, त्यांची म्हण आहे की आधी मूळ बघ, पाला बघ, त्याने नाही भागलं तर हळूहळू भस्म आणि सिंदूर. ते धातूचे प्रकार मात्र सुटे, लेबल नसलेले कधीच घेऊ नका, कोणीही दिले तरी.

एक केस तिघांकडे नेऊन बघू

समजा पन्नाशीचा माणूस, दिवसभर खुर्चीत, पोट साफ होत नाही, खडा होतो, गॅस, रात्री झोप कमी, तोंड कोरडं. वैद्य विचारणार भूक कशी, झोप कशी, जीभ दाखवा, आणि वात वाढलाय, कोठा क्रूर म्हणजे सहज साफ न होणारा आहे असं ठरलं तर एरंडभृष्ट हिरडा रात्री कोमट पाण्याबरोबर. स्निग्ध का, तर वात कोरडा म्हणून. हकीम नाडी, मिजाज बघतील, कोरडेपणा दिसला तर नुसता हलेला देणारच नाहीत, तो आणखी कोरडं करेल, म्हणून तेलात चोळलेलं इत्रिफल झोपताना. आणि दोष फार साचलाय वाटलं तर आधी काही दिवस मुंजिज म्हणजे दोष पिकवायचा काढा, मग मुसहिल म्हणजे जुलाब, कच्चं ढकलायचं नाही हा त्यांचा दंडक. सिद्ध वैद्य नाडी बघून, बी काढून शुद्ध केलेलं कडुक्काय चूर्ण संध्याकाळी देतील, खाण्यापिण्याचं पथ्य लावतील. तिघांनीही कोरडं चूर्ण उपाशीपोटी दिलं नाही हे लक्षात आलं का? तो शोध माझाच होता.

शेवटी, स्वतः करून बघायचं असेल तर

एका वेळी एकच पद्धत. आयुर्वेदाचा हिरडा, वर इत्रिफल आणि शिवाय त्रिफळा असं तिन्ही चालू केलं तर तो एकच हिरडा तीनदा पोटात जातो, वेगवेगळ्या नावांनी. हे आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी होतं, लोकांना हलेला आणि हरीतकी एकच हे माहीतच नसतं. लेबलवर हलेला, हरीतकी, कडुक्काय किंवा टर्मिनालिया चेब्युला ह्यातलं काहीही दिसलं तर तो हिरडाच.

पुस्तकात चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम आहे, पण नवख्याने अर्धा छोटा चमचा, रात्री जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर, दोन-तीन दिवस, इतकंच. सकाळी एकदा साफ झालं तर ठीक. मुरडा, दोन-तीनपेक्षा जास्त वेळा जुलाब, तहान, थकवा आला तर बंद. गरोदर असाल, उपास चालू असेल, खूप बारीक असाल, तर अजिबात नाही. इत्रिफल मध-साखरेच्या पाकातलं असतं हे डायबेटिसवाल्यांनी विसरू नये, आणि शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. शौचातून रक्त, वजन उतरणं, अचानक बदललेली सवय असेल तर हिरडा नको, थेट तपासणी.

डिग्री बघायची झाली तर आयुर्वेदवाले बीएएमएस, युनानी बीयूएमएस, सिद्ध बीएसएमएस. पुण्यात पहिल्या दोघांसाठी लांब जावं लागत नाही, रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये युनानी कॉलेज. सिद्ध मात्र इथे विरळा, त्याचं मोठं घर चेन्नईजवळ तांबरमला, राष्ट्रीय सिद्ध संस्थेत. तमिळ मावशी दरवर्षी गावाहून चूर्ण घेऊन यायच्या आणि हिरडा मात्र आमच्याकडूनच न्यायच्या, म्हणायच्या, "तुमच्या डोंगरातला जड आहे, पाण्यात बुडतो."